सोसायटीच्या एकाच इमेलमध्ये एकाच रकमेची चार नावे: मसुदा सुधारायला मदत हवी

नीलिमा_खजिनदार

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत यंदा खजिनदारपद माझ्याकडे आले आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सभासदांकडून पैसे गोळा करायचे आहेत. विशेष सर्वसाधारण सभेत ठराव झाला, दर ठरला, ठेकेदारही ठरला. आता सगळ्यांना इमेल जायचा आहे. सेक्रेटरींनी मसुदा करून आधी फक्त कमिटीला पाठवला, आणि कमिटीतल्याच लोकांचे तीन वेगवेगळे प्रश्न आले. एकाने विचारले, "निधी आणि वर्गणी दोन्ही भरायची का?" दुसऱ्या म्हणाल्या, "दुरुस्ती फंड तर दर महिन्याच्या बिलात जातोच, मग परत कशाला?" तिसऱ्यांना 'सदर रक्कम' म्हणजे कुठली रक्कम ते कळले नाही. ठराव करणाऱ्या माणसांची ही स्थिती, तर सभेला न आलेल्यांचे काय होईल?

सेक्रेटरींची परवानगी घेऊन मसुदा देते आहे. मजकूर जसाच्या तसा आहे.

> विषय: टेरेसच्या कामाबाबत
>
> सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, विशेष सर्वसाधारण सभेतील ठरावानुसार गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मोठ्या दुरुस्तीचा निधी ४० रुपये प्रति चौरस फूट या दराने जमा करावयाचा आहे. विशेष वर्गणी तीन हप्त्यांत भरता येईल. पहिला हप्ता ५ तारखेपर्यंत द्यावा. ठेकेदारास पहिला हप्ता १० तारखेस द्यावयाचा असल्याने सदर रक्कम वेळेत येणे आवश्यक आहे. टेरेस काँट्रिब्यूशन मेंटेनन्ससोबत भरू नये. दुरुस्ती फंडाची पावती स्वतंत्र मिळेल. रहिवाशांनी थकबाकी ठेवल्यास व्याज आकारले जाईल. काम सुरू होण्यापूर्वी सर्व मालकांनी टेरेसवरील डिश व कुंड्या हलवाव्यात.

यातले मोठ्या दुरुस्तीचा निधी, विशेष वर्गणी, टेरेस काँट्रिब्यूशन आणि दुरुस्ती फंड ही चारही नावे एकाच पैशाची आहेत. कुठले ठेवू? आणि बाकीच्यांचे नेमके काय करू?

---

आबा_डोंबिवलीकर

नीलिमाताई, मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षे सचिव होतो. मसुदा मला तरी ठीक वाटतो. आम्हाला शाळेत गुरुजी सांगायचे की एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर लेखन कंटाळवाणे होते. तुमच्या सेक्रेटरींनी तेच पाळलेले दिसते. दर वाक्यात 'निधी, निधी' लिहिले तर वाचणाऱ्याला काय वाटेल?

फार तर एवढे करा, की सदस्य, रहिवासी, मालक असे तीन शब्द आहेत तिथे सगळीकडे 'सदस्य' करून टाका. आणि दुरुस्ती फंड म्हणजे शेवटी सिंकिंग फंडच. बिलात तो असतोच, लोकांना माहीत असतो. तसेच लिहा.

---

मृणाल_स

विषय चांगला काढलात. मी कधीची म्हणते आहे की मराठी इमेलमध्ये टेरेस, काँट्रिब्यूशन, फंड, मेंटेनन्स हे शब्द कशाला हवेत? गच्ची, अंशदान, निधी, देखभाल असे सरळ मराठी शब्द आहेत. वॉटरप्रूफिंगला जलरोधन म्हणा. एवढे केले की मसुदा आपोआप स्वच्छ होईल.

---

हिशेब_तपासनीस

माझा व्यवसाय गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण करण्याचा आहे, त्यामुळे हा मसुदा वाचून थोडी काळजी वाटली. आधी आबांच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल, कारण त्यावरून पुढचे सगळे ठरते.

दुरुस्ती निधी म्हणजे सिंकिंग फंड नव्हे. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, तीन वेगळे निधी आहेत. पहिला दुरुस्ती व देखभाल निधी, दर वर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के. दुसरा सिंकिंग फंड, त्याच बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. हे दोन्ही बहुतेक सोसायट्यांच्या बिलात दर महिन्याला असतात. तिसरा मोठ्या दुरुस्तीचा निधी. तो कायम चालू नसतो, गरज पडेल तेव्हा सर्वसाधारण सभा ठरवते आणि सदनिकेच्या क्षेत्रफळावर आकारते. नीलिमाताईंचा निधी हा तिसरा आहे, म्हणूनच दर चौरस फुटावर आहे.

आता मसुद्यातले 'दुरुस्ती फंडाची पावती' हे वाक्य बघा. चार नावांपैकी तीन तर निव्वळ पर्यायी आहेत, वाचणारा गोंधळेल पण निदान विचारेल. चौथे नाव मात्र दुसऱ्या खऱ्या निधीचे नाव आहे. ते वाचून माणूस विचारणारच नाही. 'हा तर मी भरतोच' म्हणून इमेल बंद करेल. तुमच्या कमिटीतल्या बाईंचे हेच झाले.

पैसे आल्यावरही त्रास संपत नाही. सभासद बँकेत रक्कम भरताना रिमार्कमध्ये तुमच्या इमेलमधलाच एखादा शब्द लिहितो. 'repair fund' असे आले की हिशेब लिहिणारा ती रक्कम महिन्याच्या दुरुस्ती निधीखाली आगाऊ जमा म्हणून धरतो. पुढच्या बिलात त्या सभासदाचा दुरुस्ती निधी उणे दिसतो आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी थकीत. त्यावर व्याज लागते, मग भांडण. बँकेचे स्टेटमेंट उघडून रिमार्कचा रकाना वरून खाली वाचा. एकाच वसुलीसाठी पाच तऱ्हेचे रिमार्क दिसले, तर इमेल कसा लिहिला गेला होता ते वेगळे सांगावे लागत नाही.

---

रोहन_दुबई

तपासनीस साहेबांचे शंभर टक्के पटले, कारण मी यातून गेलो आहे. माझा फ्लॅट पुणे परिसरात आहे, भाड्याने दिलेला. सोसायटीच्या इमेलमध्ये वर 'पेंटिंग वर्गणी' आणि खाली 'बिल्डिंग रिपेअर चार्जेस' असे लिहिले होते. मी समजलो की वर्गणी मालकाने द्यायची आणि चार्जेस राहणाऱ्याने. मी वर्गणी पाठवली, भाडेकरूने चार्जेस भरले. दोन्ही एकच होते. जास्तीची रक्कम पुढच्या बिलांमधून वळती करून घ्यायला कित्येक इमेल लागले, आणि भाडेकरूचे पैसे मला द्यावे लागले ते वेगळेच.

माझा प्रश्न असा की भाडेकरू असलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस असतात, त्यात हा निधी धरतात का?

---

हिशेब_तपासनीस

नाही रोहन. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, हे सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. मोठ्या दुरुस्तीचा निधी सेवाशुल्कात येत नाही, त्यामुळे त्यावर ते लावता येत नाही. पण इमेलमध्ये त्याला 'चार्जेस' म्हटले की तुमच्यासारखी शंका येणारच.

---

शशांक_पाटी

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत लिहितो. आमच्याकडे पहिला नियम एका वस्तूला एकच नाव आणि एका नावाची एकच वस्तू हा असतो. नीलिमाताई, तुमचा प्रश्न पहिल्या अर्ध्याबद्दल आहे, पण मसुद्यात दुसरा अर्धाही मोडला आहे. 'पहिला हप्ता ५ तारखेपर्यंत' हा सभासदाचा हप्ता, आणि पुढच्याच वाक्यात 'पहिला हप्ता १० तारखेस' हा ठेकेदाराचा. घाईत वाचणारा १० तारीख लक्षात ठेवेल. तुमच्या तिसऱ्या सदस्यांना 'सदर रक्कम' कळली नाही ती इथेच, कारण 'सदर'च्या आधी दोन रकमा येऊन गेल्या आहेत. सरकारी पत्रांतले सदर, उपरोक्त, उक्त हे शब्द लिहिणाऱ्याला सोयीचे असतात, नाव परत लिहावे लागत नाही. पण मागे दोन उमेदवार असले की निवड वाचणाऱ्यावर येते. तिथे नावच लिहा.

आबा, तुमचे गुरुजी निबंधाबद्दल बरोबर होते. निबंधात पाऊस, वर्षा, सरी असे लिहिले तर सगळे एकच आहे हे वाचणारा जाणतो. पैशाच्या इमेलमध्ये तो उलट गृहीत धरतो. शब्द बदलला म्हणजे रक्कम बदलली असेल, असे त्याला वाटते, आणि ती त्याची चूक नाही, कारण बिलात तसेच असते. तिथे प्रत्येक ओळीचे नाव वेगळे आणि आकडा वेगळा.

पुनरुक्ती खटकते हे मात्र खरे. पण त्यावर दुसरे नाव हा उपाय नाही. मराठीत नाव गाळता येते. 'गच्ची निधी तीन हप्त्यांत भरायचा आहे. बिलात धरलेला नाही. पावती वेगळी मिळेल.' इथे निधी एकदाच आला आणि 'धरलेला'वरून कशाबद्दल चालले आहे ते कळते. मध्ये दुसरे पुल्लिंगी नाम घुसले नाही, एवढे बघायचे.

आणि एक गोष्ट करू नका. सदस्य, मालक, रहिवासी सगळ्यांना 'सदस्य' करू नका.

---

आबा_डोंबिवलीकर

का बरे? आत्ताच तर म्हणालात की एका गोष्टीला एक नाव.

---

शशांक_पाटी

कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आबा. निधी भरायची आणि थकल्यास व्याजाची जबाबदारी सभासदाची. मसुद्यात तिथे 'रहिवाशांनी' लिहिले आहे. म्हणजे रोहनच्या भाडेकरूने व्याज भरायचे का? उलट डिश आणि कुंड्या हलवायच्या आहेत त्या जो तिथे राहतो त्याने. तिथे 'मालकांनी' लिहिले आहे, आणि मालक दुबईत. दोन्ही ठिकाणी नेमका उलटा शब्द पडला आहे. सगळीकडे 'सदस्य' केले तर वाचायला एकसारखे होईल, पण भाडेकरूला कुंडी हलवायची आहे हे त्याला कळणारच नाही.

म्हणून मी आधी शब्दांची यादी करत नाही, गोष्टींची करतो. कागदावर डावीकडे या इमेलमध्ये खरोखर काय काय आहे ते लिहायचे. तुमच्या मसुद्यात मला सात गोष्टी दिसतात: गच्चीसाठी गोळा करायचे पैसे, त्याचा सभासदाने भरायचा भाग, ठेकेदाराला द्यायची रक्कम, दरमहाचे बिल, त्या बिलातला दुरुस्ती निधी, पैसे भरणारा माणूस, घरात राहणारा माणूस. प्रत्येकीसमोर मसुद्यात आलेले सगळे शब्द लिहायचे. एका ओळीत दोन शब्द आले तर एक काढायचा. एक शब्द दोन ओळींत आला तर तो कुठल्या तरी एका ओळीतून हलवायचा. तुमच्याकडे 'हप्ता' दोन ओळींत येतो, आणि 'दुरुस्ती फंड'ही.

---

नीलिमा_खजिनदार

यादी केली. खरेच तसेच निघाले. आणखी एक मिळाले. आमच्या बिलावर 'सेवाशुल्क' छापलेले असते आणि इमेलमध्ये 'मेंटेनन्स' आहे. पण बोलताना सगळे मेंटेनन्सच म्हणतात आणि त्यात पूर्ण बिल धरतात, नुसते सेवाशुल्क नाही. तिथे 'दरमहाचे बिल' लिहिते.

मृणालताई, गच्ची हा शब्द मी घेते आहे, पण टेरेस परका म्हणून नाही. दोन्ही चालले असते, फक्त दोन्ही एकत्र नको. वॉटरप्रूफिंग मात्र ठेवते. ठरावात, ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये आणि लोकांच्या तोंडी तेच आहे.

आता मुख्य नाव कुठले? ठरावात 'मोठ्या दुरुस्तीचा निधी' आहे. शशांक यांनी उदाहरणात 'गच्ची निधी' लिहिले.

---

मृणाल_स

जलरोधन सोडते, कारण ठेकेदाराच्या कागदाशी जुळले पाहिजे हे पटले. पण 'गच्ची निधी' हा मला कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा सुटसुटीत वाटतो, एवढे नोंदवते.

---

हिशेब_तपासनीस

मी ठरावातलेच नाव ठेवा म्हणेन. ठराव, बिल, पावती, खतावणी आणि इमेल या सगळ्यांत एक नाव असले की पुढे कोणी उपनिबंधकांकडे तक्रार केली तरी प्रश्न येत नाही. इमेलमध्ये नवे नाव काढले तर थकबाकीदार म्हणेल की 'गच्ची निधी'चा ठराव कधी झालाच नाही.

---

शशांक_पाटी

मुद्दा बरोबर, पण दोन अडचणी आहेत. एक, 'मोठ्या दुरुस्तीचा निधी' आणि बिलातला 'दुरुस्ती निधी' यांत दोन शब्द समान आहेत. मोबाइलवर पटकन वाचताना डोळा 'दुरुस्ती निधी' एवढेच उचलतो, आणि आपल्याला टाळायची आहे तीच गल्लत होते. नावे अशी हवीत की डोळा उचलतो तो शब्दच वेगळा असेल. दुसरी, पुढच्या वर्षी लिफ्टसाठी पैसे काढले तर तोही मोठ्या दुरुस्तीचाच निधी. मग जुने इमेल शोधताना दोन्ही एकत्र येतील.

---

हिशेब_तपासनीस

लिफ्टचा मुद्दा मान्य. मग असे करा, की ठरावातले पूर्ण नाव इमेलमध्ये अगदी सुरुवातीला एकदाच आणि त्याच वाक्याला जोडून 'यापुढे याला गच्ची निधी म्हटले आहे' असे स्पष्ट. त्यानंतर पूर्ण नाव पुन्हा नाही. बिलात आणि पावतीवर मात्र 'मोठ्या दुरुस्तीचा निधी – गच्ची' असे छापा. माझा कल अजूनही ठरावातल्या नावाकडेच आहे, पण यात हिशेबाला धोका नाही.

---

रोहन_दुबई

बँकेचा रिमार्क विसरू नका. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये तिथे देवनागरी चालत नाही. मग कोणी Gacchi लिहील, कोणी Terrace, कोणी Waterproofing. इमेलमध्ये टंकायची अक्षरेच द्या.

---

नीलिमा_खजिनदार

हे डोक्यातच आले नव्हते. रिमार्कसाठी `GACHCHI 1` आणि पुढे सदनिका क्रमांक असे ठरवते. दुसऱ्या हप्त्याला 1 च्या जागी 2.

दरम्यान मी शोधा-बदला करून 'विशेष वर्गणी'च्या जागी 'गच्ची निधी' टाकून बघितले, माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात. 'पहिली गच्ची निधी', 'गच्ची निधी भरावी' असे काहीतरी झाले.

---

शशांक_पाटी

वर्गणी स्त्रीलिंगी, निधी पुल्लिंगी. मराठीत नाव बदलले की त्याच्या मागचे विशेषण आणि पुढचे क्रियापदही बदलावे लागते, म्हणून एका कळीवर सगळे बदलू नका. Ctrl+F ने फक्त शोधा आणि वाक्य हाताने लिहा.

शोधतानाही पूर्ण शब्द टाकू नका. 'हप्ता' शोधलात तर 'हप्त्यांत' आणि 'हप्त्याची' सुटतात. 'हप्त' एवढेच टाका. 'रक्कम'चे 'रकमेची' होते, तिथे 'रक' शोधावे लागते. थोडे भलतेच शब्दही सापडतील, पण काही सुटणार नाही. आणि लेखनातला फरक बघा. मेंटेनन्स, मेन्टेनन्स, मेंटेनेन्स हे संगणकाला तीन शब्द आहेत. एक शोधून 'सापडले नाही' आले म्हणजे मजकुरात ते नाहीच, असे धरू नका.

माझी शेवटची तपासणी उलट्या दिशेने असते. ठेवलेले नाव शोधत नाही, काढलेली नावे एकेक करून शोधतो. तुमच्या बाबतीत वर्गणी, काँट्रिब्यूशन, फंड, टेरेस, सदर, मालक. यातले काहीही सापडले तर ते वाक्य राहून गेले.

---

नीलिमा_खजिनदार

सुधारलेला मसुदा देते. ठरावानुसार एकूण क्षेत्रफळ २८,८०० चौरस फूट, म्हणजे ११,५२,००० रुपये जमतात. ५४० आणि ६६० चौरस फुटांच्या प्रत्येकी २४ सदनिका आहेत.

> विषय: गच्ची निधी – पहिला हप्ता ५ तारखेपर्यंत
>
> सर्व सभासदांना नमस्कार.
>
> विशेष सर्वसाधारण सभेने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मोठ्या दुरुस्तीचा निधी मंजूर केला आहे. या इमेलमध्ये यापुढे त्याला 'गच्ची निधी' म्हटले आहे.
>
> गच्ची निधीचा दर चौरस फुटाला ४० रुपये आहे. ५४० चौरस फुटांच्या सदनिकेसाठी तो २१,६०० रुपये होतो आणि ६६० चौरस फुटांच्या सदनिकेसाठी २६,४०० रुपये. तीन समान हप्त्यांत भरायचा आहे. एक हप्ता अनुक्रमे ७,२०० आणि ८,८०० रुपयांचा होईल. पहिला हप्ता सभासदांनी ५ तारखेपर्यंत भरावा.
>
> गच्ची निधी दरमहाच्या बिलात धरलेला नाही. बिलातला दुरुस्ती निधी वेगळा आहे आणि तो नेहमीप्रमाणे बिलासोबत भरायचा आहे. गच्ची निधी बँकेत वेगळा भरावा आणि रिमार्कमध्ये `GACHCHI 1` व सदनिका क्रमांक लिहावा. त्याची पावतीही वेगळी मिळेल.
>
> हप्ता थकल्यास सभासदाला सभेने ठरवलेल्या दराने व्याज लागेल.
>
> ठेकेदाराला १० तारखेला आगाऊ रक्कम द्यायची आहे. त्यानंतर काम सुरू होईल. त्याआधी सर्व रहिवाशांनी, म्हणजे भाडेकरूंनीही, गच्चीवरच्या डिश आणि कुंड्या हलवाव्यात. सदनिका भाड्याने दिली असल्यास सभासदांनी हा निरोप भाडेकरूंना कळवावा.

---

आबा_डोंबिवलीकर

आता वाचताना अडकायला होत नाही, हे मान्य करतो. 'निधी' बरेचदा आला आहे, पण मोजायला बसलो तेव्हाच जाणवले. व्याजाचा दर मात्र लिहा. आम्ही २१ टक्के लावायचो.

---

हिशेब_तपासनीस

२१ टक्के ही कमाल मर्यादा आहे आबा, आणि सरळव्याज. सभेने जो दर ठरवला असेल तोच, तेवढाच. नीलिमाताई, ठरावात आकडा असेल तर 'सभेने ठरवलेल्या दराने' काढून आकडाच लिहा.

दुसरे, इमेलला जोडायच्या फाइलचे नाव बघा. मजकुरात गच्ची निधी आणि जोडलेली एक्सेल फाइल 'टेरेस वर्गणी यादी' या नावाची, हे मी नेहमी पाहतो. फाइलच्या आतल्या रकान्यांची शीर्षकेही तशीच तपासा. लोक इमेल न वाचता थेट यादीत आपला आकडा शोधतात.

---

नीलिमा_खजिनदार

फाइलचे नाव खरेच 'टेरेस कलेक्शन' होते, आत्ता बदलले. ठरावात दर १२ टक्के आहे, तो घालते.

एक शंका आहे. आमचे दरमहाचे बिल सरासरी ३,२०० रुपये आहे. त्यात ७,२०० किंवा ८,८०० मिळवले तर त्या महिन्यात ७,५०० च्या वर जाते. जीएसटी लागेल का? नाव 'निधी' ठेवले म्हणून तो टळतो, असे कमिटीत एकजण म्हणाले.

---

हिशेब_तपासनीस

महिन्याला सभासदामागे ७,५०० रुपये ही मर्यादा आहे, आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तेव्हा प्रश्न येतो. तुमची या वर्षी जाईल असे दिसते. निधीच्या रकमा त्या मर्यादेत धरायच्या की नाहीत, यावर माझ्याच व्यवसायातल्या लोकांत एकमत नाही. पण इमेलमध्ये काय नाव लिहिले त्यावरून कर ठरत नाही, पैसे कशासाठी घेतले त्यावरून ठरतो. तुमच्या सीएंना ठराव दाखवून विचारा. त्यांचे उत्तर येईपर्यंत इमेलमध्ये कराबद्दल काही लिहू नका.

---

मृणाल_स

आमच्या इमारतीत गुजराती आणि तमिळ कुटुंबे आहेत, त्यांना मराठी इमेल पुरत नाही. तुमच्याकडेही असतील ना? इंग्रजी मजकूर त्याच इमेलमध्ये खाली देणार की वेगळा?

---

शशांक_पाटी

वेगळा इमेल द्या. एकाच इमेलमध्ये दोन भाषा असल्या की दोन्ही वाचणारे लोक 'गच्ची निधी' आणि 'Terrace Fund' अशी परत दोन नावे बघतात.

---

रोहन_दुबई

माझे मत उलट आहे. वेगळे पाठवले की एकात तारीख बदलते आणि दुसऱ्यात जुनीच राहते. एकातच द्या, आणि इंग्रजी भागात पहिल्याच ओळीत सांगा की Terrace Fund म्हणजे वरचा गच्ची निधीच, दोनदा भरायचा नाही. रिमार्क दोन्हीकडे `GACHCHI 1` हाच ठेवा. इंग्रजीत `TERRACE 1` केलात तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा दोन नावे येतील.

---

नीलिमा_खजिनदार

रिमार्क एकच, हे नक्की. एक इमेल की दोन, ते रविवारी कमिटीत ठरेल. आमच्याकडे मराठी न वाचणारी सात घरे आहेत, त्यातल्या दोघांना विचारून बघते त्यांना काय सोयीचे जाते ते. सीएंचे उत्तर आले की इथे लिहीन.